दोन पट्ट्यांमधलं बल आणि मिंचोचा खटला

वेनेता राल्चेवा आमच्या तंत्रशाळेत भौतिकशास्त्र शिकवायच्या आणि मी त्यांच्या शेजारच्या वर्गात गणित. भिंत पातळ होती. दर वसंतात त्यांची मुलं एका सुरात घोकायची ते मला इतक्यांदा ऐकू आलंय, की आजही झोपेतून उठवून विचारलंत तरी म्हणून दाखवीन: निर्वातात एकमेकींपासून एक मीटरवर ठेवलेल्या, अनंत लांबीच्या आणि नगण्य जाडीच्या दोन समांतर तारांमधून सारखाच स्थिर प्रवाह वाहत असताना त्यांच्यात दर मीटर लांबीमागे दोन गुणिले दहाचा उणे सातवा घात न्यूटन इतकं बल निर्माण झालं, तर तो प्रवाह म्हणजे एक अँपिअर.

घोकंपट्टी झाली की बाई टेबलावर डस्टर आपटायच्या. "पोपटांनो! एवढ्यानं काय कळलं? दोन्ही तारांतला प्रवाह दुप्पट केला तर?" मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटायचं, "दुप्पट बल." मग डस्टर पुन्हा आपटायचं. "चौपट! दोघींतल्या प्रवाहांचा गुणाकार असतो. आणि तारा निम्म्या अंतरावर आणल्या तर आणखी दुप्पट. व्याख्या म्हणजे मापाचा दगड आहे रे, वजन करायचा माल नव्हे!"

हे मुद्दाम सांगतोय. कारण हे वाक्य, हेच शाळकरी वाक्य, एका माणसाला तुरुंगात डांबायला वापरलं गेलं. आणि वापरणाऱ्याला त्याचा अर्थ पुरता ठाऊक होता. मला राग येतो तो त्याचा.

गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. आमच्या कामेनपोलमध्ये सूतगिरणीचं नवं दालन नऊ सप्टेंबरच्या राष्ट्रीय सणाला सुरू व्हायलाच हवं होतं. राजधानी सोफियाहून मोठी माणसं फीत कापायला येणार होती. फीत कापली, बँड वाजला, डायरेक्टरच्या छातीवर पदक लागलं. नोव्हेंबरात त्याच दालनाच्या वीजघरात स्फोट झाला. जाड जाड अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या वाकल्या, त्यांना धरून ठेवणाऱ्या चिनीमातीच्या टेकूंचा चुरा झाला, आग लागली. दालन आठवडेच्या आठवडे बंद पडलं. जीव कुणाचा गेला नाही, पण पाळीवरचा वीजतंत्री मिंचो गेर्गोव याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. आग विझवायला आत शिरलेला तो एकटाच होता.

दवाखान्यात हातांवरची बँडेजं सुटली आणि त्याच दिवशी त्याला बेड्या पडल्या. आरोप असा, की त्यानं घणानं टेकू फोडले, त्यामुळे पट्ट्या खाली येऊन एकमेकींना भिडल्या आणि आग लागली. सार्वजनिक मालमत्तेची जाणूनबुजून नासधूस. स्फोटाच्या महिनाभर आधी गिरणीच्या बैठकीत त्यानं उभं राहून 'वीजघरात घाईगर्दीत काम झालंय' असं म्हटलं होतं. झालं! माणूस असंतुष्ट ठरला, आणि असंतुष्ट माणसाच्या हातात घण द्यायला कितीसा वेळ लागतो?

तेव्हा आमच्याकडे न्यायाधीशाच्या दोन्ही बाजूंना सामान्य नागरिकांतून निवडलेले दोन पंच बसत. त्यांचं मत न्यायाधीशाच्या मताइतकंच धरलं जाई. कागदावर, हं. एरवी पंच माना डोलवत आणि जेवायला घरी जात. त्या वर्षीच्या यादीत वेनेताबाई होत्या आणि पाव-कारखान्यातल्या गीना मावशी. दोघीही मुकाट बसतील असं वाटूनच निवडलेल्या असणार. वेनेताबाई विधवा, अंगानं बारीक, शाळेच्या सभेत सहसा बोलायच्या नाहीत. त्यांना वर्गात पाहिलेलं नव्हतं त्या लोकांनी.

खटला ऐकायला मी गेलो होतो. अर्धी शाळा गेली होती. मिंचोची बायको तोत्का पहिल्या बाकावर मांडीवर रिकामी पिशवी घेऊन बसली होती. मिंचोला आणलं तेव्हा त्याच्या हातांवरची नवी कातडी गुलाबी दिसत होती आणि तो हात अंगापासून लांब धरून चालत होता.

सरकारी तज्ज्ञ म्हणून आले इंजिनिअर ल्यूदमिल तोपालोव. रुबाबदार माणूस, आवाज रेडिओवरच्यासारखा. आदल्या जूनमध्येच आमच्या शाळेत पदविकेच्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक म्हणून आले होते. त्यांनी मोठे फोटो फळ्यावर लावले आणि छडीनं दाखवत म्हणाले, "टेकू बुंध्याशी तुटलेत. प्रचंड ताकद लागली असणार. ही ताकद घणाची आहे."

मिंचोचा वकील तरुण होता, घाबरलेला. तरी त्यानं विचारलं, "शॉर्ट सर्किट झाल्यावर पट्ट्यांमध्येच बल तयार होतं ना, साहेब? त्यानं टेकू तुटू शकत नाहीत?"

तोपालोव हसले. खिशातून शाळेचं पाठ्यपुस्तक काढलं. आमचंच, निळ्या पुठ्ठ्याचं. "कॉम्रेड वकील, हे शाळेतल्या मुलांनाही पाठ असतं." आणि त्यांनी ती व्याख्या वाचली. सावकाश. शेवटी म्हणाले, "दोन गुणिले दहाचा उणे सातवा घात. म्हणजे एका न्यूटनाचे एक कोटी भाग करा आणि त्यातले दोन घ्या. डासाचा पाय याहून जड असेल. एवढ्या बलानं चिनीमाती फुटते, असं म्हणायचंय आपल्याला?"

लोक हसले. न्यायाधीश बोनेवही हसले. तोत्कानं मागे वळून पाहिलं, हे का हसतायत ते तिला कळेना.

मी वेनेताबाईंकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. वर्गात डस्टर उचलायच्या आधी व्हायचे तसे.

"मला तज्ज्ञांना विचारायचंय," त्या म्हणाल्या.

बोनेवनी चष्म्यावरून पाहिलं. "विचारा. थोडक्यात."

"कॉम्रेड तोपालोव, हे वाक्य किती प्रवाहाबद्दल आहे?"

"एक अँपिअर. तेच तर…"

"आणि अंतर?"

"एक मीटर."

"वीजघरातल्या पट्ट्यांमध्ये किती अंतर होतं? तुमच्याच अहवालात आहे."

"दहा सेंटिमीटर."

"आणि शॉर्ट सर्किटच्या पहिल्या झटक्याला प्रवाह कुठवर चढला असेल? तेही तुम्हीच लिहिलंय."

तोपालोवनी पान उलटायचं नाटक केलं. "साधारण… ऐंशी हजार अँपिअर. शिखराला."

"दोन्ही पट्ट्यांत?"

"अर्थात. एकीतून जाणार, दुसरीतून परत येणार."

"मग ऐंशी हजार गुणिले ऐंशी हजार करा. त्याला तुमच्या डासाच्या पायानं गुणा. अंतर एक दशांश आहे, म्हणून वर दहापट. फळा आहे तुमच्या मागे. खडूही आहे."

तोपालोव जागचे हलले नाहीत. "कॉम्रेड राल्चेवा, हे कोर्ट आहे, वर्ग नाही."

"वर्गात आपण मागच्या जूनमध्ये होतो," बाई म्हणाल्या आणि आवाज चढला. "माझ्या वर्गातल्या नाच्कोनं तुम्हाला हीच व्याख्या धडाधड म्हणून दाखवली. तुम्ही विचारलंत, दोन्ही प्रवाह दुप्पट केले तर काय? तो 'दुप्पट' म्हणाला. तुम्ही त्याला दोन गुण देऊन नापास केलंत! वर म्हणालात, ज्याला व्याख्या आणि प्रत्यक्ष यातला फरक कळत नाही त्याच्या हातात मी वीजघर देणार नाही. मला तेव्हा वाटलं, कडक आहे, पण खरा माणूस आहे. आज तेच तुम्ही इथं…"

"पंचांनी प्रश्नापुरतं बोलावं!" बोनेव ओरडले.

"हा प्रश्नच आहे. दुप्पट की चौपट, कॉम्रेड तोपालोव?"

तोपालोव फळ्यावरचे फोटो सरळ करू लागले. म्हणून बाई स्वतः उठल्या. पंचानं खुर्ची सोडून फळ्याशी जाणं आमच्या गावानं पाहिलं नव्हतं. त्यांनी आकडे मांडले. दर मीटरला बारा हजार आठशे न्यूटन. मग लोकांकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या दाराशी लाडा गाडी उभी असते ना? तिच्यात चार माणसं बसवा आणि ती गाडी पट्टीच्या प्रत्येक मीटरवर लटकवा. तेवढं." मागून एक म्हातारा म्हणाला, "अरे देवा! डास कसला, हा तर बैल निघाला."

या वेळी हसणं वेगळं होतं.

तोपालोव सावरले. त्यांचं डोकं तेज होतं, हे मान्य करायलाच हवं. "गणित बरोबर आहे," ते म्हणाले, "पण ते स्थिर प्रवाहाचं. गिरणीत प्रत्यावर्ती प्रवाह आहे. सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलतो. मग बल कधी इकडे, कधी तिकडे. गोळाबेरीज शून्य."

वकिलानं मान खाली घातली. मी स्वतः गणिताचा मास्तर, क्षणभर गोंधळलो. बाईंचा चेहरा मात्र असा झाला, की मला त्यांची भीतीच वाटली. त्या माणसाला हे चूक आहे हे माहीत होतं आणि तरी तो ते त्या आवाजात म्हणाला होता. समोर तो भाजलेल्या हातांचा माणूस बसलेला असताना!

"उद्या," बाई न्यायाधीशांना म्हणाल्या, "तज्ज्ञांनी इथं प्रयोग करून दाखवावा. साहित्य शाळा देईल. पंच म्हणून मी तशी मागणी करते. गीनाताई, तुमचं काय?"

गीना मावशी तोवर चकार शब्द बोलल्या नव्हत्या. "मला बघायचंय," त्या म्हणाल्या. "बोलणं दोघांचंही गोड लागतं. डोळ्यांनी दिसू दे."

दुसऱ्या दिवशी टेबलावर मोटरसायकलची बॅटरी आली. लाकडी चौकटीत स्वयंपाकाच्या चंदेरी कागदाच्या दोन सैल पट्ट्या उभ्या टांगलेल्या, मध्ये बोटभर अंतर. बाईंनी हात लावला नाही. "तुम्ही जोडा, कॉम्रेड तोपालोव. एकीतून वर, दुसरीतून खाली. क्षणभरच टेकवा, नाहीतर कागद जळेल."

तोपालोवना जोडावंच लागलं. तार टेकली आणि दोन्ही पट्ट्या फुगून एकमेकींपासून दूर सरल्या. गीना मावशी टेबलावर वाकल्या. "पुन्हा करा." पुन्हा तेच. मग बाई म्हणाल्या, "आता दोन्हींतून एकाच दिशेनं." जोडणी बदलली, तार टेकली, पट्ट्या मध्यभागी येऊन एकमेकींना चिकटल्या.

"आता पहिलीच जोडणी करा, पण बॅटरीची टोकं उलटी. म्हणजे दोन्हींतली दिशा बदलेल."

तोपालोव थांबले. टोकं उलटी केली, तार टेकवली. पट्ट्या पुन्हा दूरच सरल्या.

"दोघींची दिशा एकाच वेळी बदलते," बाई म्हणाल्या, "म्हणून त्या विरुद्धच्या विरुद्धच राहतात. शंभर वेळा बदला की हजार वेळा. बल कमी-जास्त होईल, पण ढकलणारच, कधी ओढणार नाही. गोळाबेरीज शून्य कुठून आली?"

मग त्या फोटोंकडे गेल्या. "आता तुमचेच फोटो बघा. छपरातून पडलेला हा लोखंडी अँगल, दोन पट्ट्यांवर आडवा चिकटलाय, शॉर्ट सर्किट झालं ते यानंच. रोहित्रापासून इथपर्यंत या दोन पट्ट्या एकमेकींपासून बाहेर वाकल्यात. खाली पडलेल्या नाहीत, बाहेर वाकल्यात. शेजारच्या तिसऱ्या पट्टीत तेव्हा हा प्रवाहच नव्हता, ती सरळ आहे. आणि अँगलच्या पलीकडे? तिथं प्रवाह पोचलाच नाही. तिथल्या पट्ट्या सरळ आणि टेकू शाबूत. घण मारणाऱ्यानं एवढं भान ठेवलं? जिथं वीज वाहणार होती तेवढेच टेकू आधी फोडले, आणि मग छपरातून लोखंड पडायची वाट पाहत बसला?"

"अँगल नंतर पडला असेल," बोनेव म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

"आणि ही भोकं?" बाईंनी फोटोवर बोट ठेवलं. दोन टेकूंच्या मध्ये, प्रत्येक ठिकाणी, टेकू ज्यावर बसवतात त्या पायपट्टीला बोल्टची रिकामी भोकं दिसत होती. "भोकं अर्ध्या अर्ध्या मीटरवर पाडलीत. टेकू मात्र एक सोडून एक बसवलाय. अर्ध्या मीटरवर असता, तर एका टेकूवर सहा हजार चारशे न्यूटन आले असते. तो साडेसात हजार सोसतो, तुमच्याच अहवालात आहे. एक मीटरवर ठेवला म्हणून त्याच्यावर बारा हजार आठशे आले. बाकीचे टेकू कुठं आहेत? नऊ सप्टेंबरला पोचले नव्हते, म्हणून दालन तसंच चालू केलं?"

बोनेवनी घंटा वाजवली. "उद्घाटनाचा प्रश्न या खटल्यात नाही."

"का नाही?"

"कारण आरोपी गेर्गोव आहे."

हे वाक्य मी आजही पचवू शकलेलो नाही.

मतदानाला तिघं आत गेले. काय झालं ते गीना मावशींनी पुढं पाव घेताना मला सांगितलं. बोनेव म्हणाले, "बायांनो, विचार करा, वरून फोन आलाय." गीना मावशी म्हणाल्या, "भट्टीच्या दाराशी मी आयुष्य घालवलंय. भाजलेले हात मला कळतात. घण घेऊन फोडणारा मागं पळतो, आत शिरत नाही." दोन विरुद्ध एक. मिंचो नासधुशीच्या आरोपातून सुटला.

सुटला म्हणायचं आपलं. वरच्या कोर्टानं प्रकरण उकरून काढलं आणि 'देखरेखीत हयगय' म्हणून त्याला स्थगित शिक्षा ठोठावली. तुरुंगात जावं लागलं नाही, पण वीजतंत्री म्हणून त्याला पुन्हा कुणी उभं केलं नाही. फळबागेच्या सहकारी संस्थेत पेट्या उचलत राहिला, त्या हातांनी. डायरेक्टर तसाच राहिला, पदकासकट. तोपालोवना बढती मिळाली. आणि गिरणीच्या वीजघरात मुकाट्यानं, कुणाला न सांगता, अर्ध्या अर्ध्या मीटरवर टेकू बसले. बसवणाऱ्यांतला एक माझा जुना विद्यार्थी, त्यानंच सांगितलं. म्हणजे सगळ्यांना कळलं होतं! सगळ्यांना आधीपासून कळत होतं.

वेनेताबाईंची बदली डोंगरातल्या एका खेड्यात झाली. भौतिकशास्त्र नाही, हस्तकला. पहिलीच्या पोरांना कागदाच्या चिमण्या करायला शिकवायच्या. मी भेटायला गेलो तेव्हा भडकलो होतो. "बाई, तक्रार करा. मी सही देतो."

"सही देशील आणि शेजारच्या वर्गात शिवणकाम शिकवशील," त्या म्हणाल्या. "मुलांना गणित कोण शिकवेल मग? तो तोपालोव?"

सर्वांत जास्त त्यांना लागलं ते मिंचोचं बोलणं. शिक्षेनंतर तो एकदा त्या खेड्यात गेला. आभार मानायला आला असेल म्हणून बाईंनी चहा टाकला. तो म्हणाला, "बाई, तुम्ही मला वाचवलंत, खरंय. पण टेकू कमी कुणी बसवले त्याचं नाव कुणी घेतलं नाही. गावाला अजून वाटतं, धूर होता तर आग असेलच." बाईंनी त्याला सांगितलं नाही, की नाव घ्यायला उठल्या तेव्हाच घंटा वाजली होती. त्या एवढंच म्हणाल्या, "बरोबर बोलतोयस."

राजवट बदलली. नव्या लोकांकडे बाईंनी खटला पुन्हा उघडायची मागणी केली. एक हसरा तरुण अधिकारी म्हणाला, "आजी, गिरणीच विकली गेलीय, आता कुणावर उघडायचा?" बाईंनी त्याला अँपिअरची व्याख्या विचारली. त्याला आली नाही. बाई म्हणाल्या, "निदान तू खोटी तरी सांगत नाहीस," आणि बाहेर आल्या.

दोन हजार एकोणीस सालच्या मे महिन्यात नाच्कोचा फोन आला. हो, तोच नापास झालेला. पुढच्या जूनमध्ये पास होऊन तो इंजिनिअर झाला होता. बाई तेव्हा ऐंशीच्या घरात, मी योगायोगानं त्यांच्याकडे बसलो होतो. फोनवरचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"बाई, बातमी ऐकलीत? अँपिअरची व्याख्या बदलली. आता तारा नाहीत. इलेक्ट्रॉनच्या विद्युतभाराचा आकडा पक्का ठरवून टाकलाय, त्यावरून अँपिअर काढायचा. तुमच्या दोन तारा निवृत्त झाल्या."

"मग तारांमधलं बल?"

"ते आहे तिथंच आहे. फक्त दोन गुणिले दहाचा उणे सातवा हा आकडा आता ठरवलेला नाही, मोजून काढायचा. मोजला तर तोच येतो, नवव्या दशांशापर्यंत वगैरे."

"म्हणजे मिंचोच्या पट्ट्या आजही तशाच वाकतील?"

"तशाच, बाई."

"मग मला कशाला सांगतोस निवृत्तीचं!" बाई एवढ्या जोरात ओरडल्या की मी दचकलो. मग आवाज खाली आणून त्यांनी त्याच्या मुलींची चौकशी केली.

मिंचो दोन वर्षांपूर्वी गेला. गावच्या वर्तमानपत्रात तीन ओळी आल्या: सहकारी संस्थेचे माजी कर्मचारी. त्याच आठवड्यात, आधीच वारलेल्या तोपालोवांच्या नावाचा फलक जुन्या वीज-कार्यालयावर लागला. 'आमच्या गावाला प्रकाश देणारा' वगैरे. समारंभाचं बोलावणं जुन्या शिक्षकांना होतं. बाई गेल्या नाहीत. त्या तोत्काकडे गेल्या. सप्टेंबर होता, अंगणात चुलीवर मिरच्या भाजायचं काम चाललं होतं. मीही पोत्यावर बसून साली काढत होतो.

"विसरा आता बाई," तोत्का म्हणाली. "दोघंही गेले. तुम्हाला रक्तदाब आहे."

"का म्हणून विसरू?" वेनेताबाई म्हणाल्या. "त्या तोपालोवला येत होतं, तोत्का. न येणाऱ्याला मी माफ करते, आयुष्यभर तेच केलं. पण त्याला येत होतं."

तोत्कानं भाजलेल्या मिरच्यांचं नवं घमेलं आमच्या मध्ये ठेवलं आणि बाईंनी बाह्या वर केल्या.